फेरीबोट बंद झाली हे कळवायचंय, पण परवानगी मागायची कधी?

खाडीकाठ (गुहागर तालुका)
आमच्या खाडीवरच्या फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं छोटं ॲप केलंय. वारा वाढला किंवा बोट बिघडली की फेरी रद्द होते, ते नोटिफिकेशनने कळवतो. ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर परवानगी मागतो, आणि निम्म्याहून जास्त लोक 'नको' म्हणतात. मागच्या आठवड्यात 'शनिवारी गर्दी असेल, लवकर या' असं सगळ्यांना पाठवलं, तर दहा-बारा जणांनी ॲपच काढून टाकलं. परवानगी मागायची कधी आणि पाठवायचं काय?

चिपळूणचा वळसा
पहिल्याच पडद्यावर माग, काही बदलू नकोस. फेरीबोटीचं ॲप घेणार कोण? ज्याला पलीकडे जायचंय तोच. त्याला रद्दची बातमी हवीच असते. नंतर कुठल्या तरी मेनूत बटण लपवलंस तर ते कोणी शोधणार नाही. मी दोनदा जेट्टीपर्यंत जाऊन परत फिरलोय, मला विचाराल तर परवानगी सक्तीचीच हवी.

तांबडी माती
बातमी हवी असते हे खरं, पण त्या क्षणी त्याला ते माहीत नसतं. त्याने ॲप वेळ बघायला उघडलंय. मध्ये आलेली चौकट तो वाचत नाही, बाजूला सारतो. आणि ही चौकट हवी तितक्यांदा दाखवता येत नाही. अँड्रॉइड १३ पासून नव्याने घेतलेल्या ॲपची नोटिफिकेशन मुळात बंदच असतात. माणसाने दोनदा 'नको' म्हटलं की फोन ती चौकट पुन्हा दाखवतच नाही. तुमचा कोड विचारत राहतो, पडद्यावर काही येत नाही. आयफोनवर तर एकदाच. आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे आयफोनवाले बरेच असतात.

मी असं करेन. वेळापत्रकात प्रत्येक फेरीसमोर एक घंटा. कोणी संध्याकाळच्या ५:३० समोरची घंटा दाबली की लगेच फोनची चौकट. त्याने आत्ताच स्वतः काहीतरी मागितलंय, त्यामुळे चौकट कशासाठी आली हे सांगावं लागत नाही. घंटा न दाबणाऱ्याला विचारायचंच नाही, म्हणजे तुमची संधीही वाया जात नाही.

ज्यांनी आधीच दोनदा नको म्हटलंय त्यांनी घंटा दाबली तर त्यांना थेट फोनच्या सेटिंगमधल्या ॲपच्या पानावर न्या (`ACTION_APP_NOTIFICATION_SETTINGS`). दुसरी वाट नाही.

सुपारीची बाग
घंटेच्या आधी आपली स्वतःची एक चौकट दाखवावी ना? 'ही फेरी रद्द झाली तर कळवू का? हो / आत्ता नको.' हो म्हटलं तरच खरी चौकट. आमच्या होमस्टेच्या ॲपमध्ये तसंच आहे.

तांबडी माती
घंटा नसेल तर ते ठीक. घंटा असताना तोच प्रश्न दोनदा विचारल्यासारखं होतं. मला ते नको वाटतं.

सुपारीची बाग
आमच्या पाहुण्यांना घंटेचा अर्थ कळत नाही हो, त्यांना ती सजावट वाटते. वाक्यात लिहिलं की कळतं.

तांबडी माती
मग घंटेशेजारी 'रद्द झाल्यास कळवा' एवढं लिहा. चौकट तरीही नकोच.

होडयेवालो
मी मालवणचो. माका एक सांगा, वाऱ्याचो इशारो आमका दर्यात कसो गावतलो? किनाऱ्यापासून भायर गेलो की मोबाईल गप.

तांबडी माती
दादा, इथे फेरीबोटीचं चाललंय. पण समुद्रात नेटवर्क नसेल तर हे नोटिफिकेशन पोचणारच नाही, तिथे तुमचा व्हीएचएफच. ॲपचा उपयोग निघायच्या आधी, बंदरात असतानाच. खाडीकाठ, तुम्हाला मात्र सांगतो, रात्री १० ते सकाळी ७ आवाज करणारं काही पाठवू नका.

होडयेवालो
आम्ही रात्री तीनाक सुटतो. सात वाजता इलेल्या इशाऱ्याचो काय उपेग?

तांबडी माती
हे बरोबर. माझा नियम ऑफिसला जाणाऱ्यांचा झाला. वेळ ज्याची त्याने निवडावी.

आता ते शनिवारच्या गर्दीचं. ते आणि 'फेरी रद्द' एकाच चॅनेलमध्ये घातलंत का? तसं असेल तर गर्दीला कंटाळलेल्या माणसाने चॅनेल बंद केलं की रद्दची बातमीही गेली. दोन चॅनेल वेगळे करा, आणि दुसरं कमी महत्त्वाचं ठेवा. पहिल्यांदा नीट ठरवा, कारण चॅनेल एकदा बनलं की त्याचं महत्त्व कोडमधून वाढवता येत नाही. पुसून त्याच आयडीने परत बनवलं तरी माणसाने केलेली सेटिंग परत येते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संदेशाला मुदत घातली आहे का? फायरबेसमध्ये मुदत दिली नाही तर फोन बंद असताना संदेश चार आठवड्यांपर्यंत थांबतो. इकडच्या दऱ्यांत नेटवर्क कधी येईल सांगता येत नाही. समजा ४:४५ ला कळलं की ५:३० ची फेरी रद्द:

```json
"android": {
  "priority": "high",
  "ttl": "2700s",
  "collapse_key": "feri-1730",
  "notification": {
    "channel_id": "feri_badal",
    "tag": "feri-1730"
  }
}
```

२७०० सेकंद म्हणजे ४५ मिनिटं. ५:३० नंतर नेटवर्क आलेल्या फोनला तो जाणारच नाही. पुढे 'फेरी सुटणार' असा बदल झाला तर सर्व्हरवर अडकलेला जुना संदेश `collapse_key` मुळे बदलतो, आणि फोनवर पोचलेला `tag` मुळे. दोन्ही लागतात. एका फोनसाठी एका वेळी चारच वेगळ्या `collapse_key` चालतात, तेवढं लक्षात ठेवा.

चिपळूणचा वळसा
इथे तुमचं चुकलं. मला नेटवर्क ५:४० ला आलं आणि मी अजून वाटेत असेन तर? तुमचा संदेश मेला. मी जेट्टीवर जाणार, बोट नाही, आणि मग अंधारात चिपळूणवरून वळसा. ५:३० ही शेवटची फेरी असेल तर?

तांबडी माती
खरं आहे. मुदत फेरीच्या वेळेपर्यंत नाही, बातमी कामाची असेपर्यंत हवी. मधली फेरी असेल तर पुढची सुटेपर्यंत. शेवटची असेल तर मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे ४:४५ पासून `26100s`. पण मग मजकुरात 'आज ५:३० ची' असं दिवस-वेळेसकट लिहा. नुसतं 'फेरी रद्द' रात्री आठला वाचून माणूस उद्याची समजेल.

खाडीकाठ
चॅनेल एकच होतं, मुदत घातलीच नव्हती. घंटा बसवतो. पण एक शंका, घंटा पिवळी दिसते आणि माणसाने मागाहून फोनच्या सेटिंगमध्ये सगळं बंद केलं तर?

तांबडी माती
तर पिवळी घंटा खोटं बोलते. तो माणूस निर्धास्त राहतो, आणि ते परवानगी नसण्याहून वाईट. ॲप समोर येईल तेव्हा दर वेळी `areNotificationsEnabled()` विचारा, आणि त्या चॅनेलचं महत्त्व `IMPORTANCE_NONE` झालंय का तेही. बंद असेल तर घंटेवर काट.

सुपारीची बाग
आयफोनवर न विचारता गुपचूप पाठवायची सोय आहे ना, प्रोव्हिजनल? तिने हा सगळा प्रश्नच मिटतो.

तांबडी माती
ते आवाज न करता यादीत जाऊन पडतं. शनिवारच्या गर्दीला चालेल, रद्दला नाही.

खिडकीवरचा
एवढं सगळं वाचलं. मी फेरीबोटीच्या तिकीट खिडकीवर असतो, कुठल्या ते विचारू नका. फेरी रद्द झाली हे तुमच्या ॲपला सांगणार कोण? वारा उठतो तेव्हा माझ्यासमोर रांगेतल्या गाड्या असतात, प्रत्येकाला काच खाली करून सांगावं लागतं. त्यात फोन काढून बटण दाबायचं?

खाडीकाठ
आत्तापर्यंत आमचा एक मित्र जेट्टीवरून फोन करायचा, मग मी पाठवायचो. कधी कधी वीस मिनिटं जायची.

खिडकीवरचा
मग ४:४५ धरू नका. ५:०५ धरा.