जॉर्जियन निरोप: ‘-म’ कुठे गेला?

> ‘गुशिन बेबिया खिंकाल्स गाआकेता. च्वेन शेचामा. बावश्वेबी इतामाशेस.’ म्हणजे काल आजीने खिंकाली केल्या, आम्ही खाल्ल्या, मुलं खेळली. काय चुकलं?

पहिलं वाक्य वर्तमानकाळाच्या सवयीने बिघडलंय. ‘बेबिया खिंकाल्स आकेतेब्स’ (आजी खिंकाली करते) बरोबर आहे, पण ‘गाआकेता’, म्हणजे ‘केलं’, आलं की कर्त्याला आपल्या ‘ने’सारखा एर्गेटिव्ह प्रत्यय लागतो आणि कर्माचा ‘-स’ जातो: ‘बेबियाम खिंकाली गाआकेता’. शब्द स्वरान्त असेल तर ‘-म’, व्यंजनान्त असेल तर ‘-मा’.

‘च्वेन’ला प्रत्यय नकोच. आपल्या ‘मी’, ‘आम्ही’ला तरी कुठे ‘ने’ लागतो? चूक क्रियापदात आहे. ‘शेचामा’ म्हणजे ‘त्याने/तिने खाल्लं’. ‘आम्ही’साठी मध्ये ‘व’ आणि शेवटी ‘-एत’: ‘शेवचामेत’. मराठीत क्रियापद कर्माकडे वळतं (आजीने भाकरी केली, लाडू केले), जॉर्जियनमध्ये इथे ते कर्त्याचं ऐकतं.

तिसऱ्यात मराठी फसवते. ‘मुलं खेळली’ला आपण ‘ने’ लावत नाही, तिथे मात्र ‘बावश्वेब्मा इतामाशेस’. खेळणं, हसणं अशा कर्म नसलेल्या क्रियापदांच्या कर्त्यालाही हा प्रत्यय लागतो. येण्याजाण्याच्या कर्त्याला नाही: ‘बेबिया मोविदा’, आजी आली.