उत्तर: चुकीच्या खात्यात गेलेले पैसे

> काल देवगडला आंब्याच्या पेट्यांचे १८,५०० एनईएफटीने पाठवले. खाते नंबरात दोन आकडे उलटे पडले. पैसे गेलेत. बँकवाले म्हणतात, आमच्या हातात काही नाही. आता?

हातात काही नाही हे अर्धंच खरं. एनईएफटीत पैसे फक्त खाते नंबरावर जमा होतात, नाव जुळवलं जात नाही. नंबर अस्तित्वातच नसता तर रक्कम आपोआप परत आली असती. एक दिवस उलटूनही आली नाही, म्हणजे ती बहुधा कुणाच्या तरी खात्यात बसलीय. त्याच्या संमतीशिवाय त्याची बँक ती काढू शकत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मेहुण्याने मालवणात जाळ्याचे २२,००० असेच भलत्याला पाठवले. काउंटरवर तोंडी सांगून आठवडा फुकट गेला. मग लेखी अर्ज दिला: व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख, रक्कम, टाकलेला आणि खरा नंबर. पोच शिक्क्यासह घेतली. तेव्हा कुठे समोरच्या बँकेला मेल गेला. तो खातेदार वेंगुर्ल्याचा निघाला, भला माणूस, शाखेत जाऊन सही करून आला. अकराव्या दिवशी पैसे परत.

तुम्ही आजच असा अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पण ती बँकेच्या हलगर्जीपणाची. खातेदारच नाही म्हणाला तर वकिलाची नोटीस. चुकून मिळालेले पैसे परत करणं करार कायद्याच्या कलम ७२ नुसार बंधनकारक आहे.

आणि पेटीवाल्याला आधी फोन करा, तो बिचारा वाट बघत असेल.