अनुभव धागा: घरच्या ऑक्सिजन मशीनचा फ्लो कसा ठेवता, आणि देवघराचं काय करता?

रानजाई
आईला सीओपीडी आहे, जन्मभर चुलीपुढे बसली. डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय की बसून असताना १ लिटर, चालताना २ आणि ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२. पण मशीन बसवायला आलेला मुलगा सांगून गेला, कमी वाटलं की वाढवा, पाचपर्यंत जातं. काल संध्याकाळी ८५ दाखवत होतं, घरात दोन पार्ट्या पडल्या, भाऊ म्हणतो वाढव, मी म्हणते थांब. शिवाय देवघर तिच्या खाटेला लागूनच आहे आणि दिवा लावल्याशिवाय तिला करमत नाही. तुमच्याकडे कसं करता सांगा.

किरण_नाशिक
सरळ वाढवा हो. कोविडमध्ये बाबांना ९५ च्या वर ठेवायला सांगितलेलं, ठणठणीत झाले. आणि ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, उगाच घाबरवतात लोक.

वॉर्डातली_ताई
छातीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली म्हणून लिहिते. किरण, तुमच्या बाबांना न्यूमोनिया होता, त्यांचं गणित वेगळं. जुन्या सीओपीडीत काही जणांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन जास्त दिला की तो आणखी वाढतो. आमच्याकडे एक आजी आलेल्या, घरच्यांनी प्रेमाने १ चे ४ केलेले, ऑक्सिमीटर ९७ म्हणून सगळे खूश, आणि सकाळी आजी डोकं दुखतंय म्हणत परत झोपल्या, दुपारी हाक मारली तर धड उत्तर नाही. बोटावरचं मशीन कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही, तो धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत कळतो. असं गुंगलेलं माणूस दिसलं तर थेट हॉस्पिटल, पण घाबरून मशीन एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं.

रानजाई, ८५ दिसलं तर नॉबला हात लावायच्या आधी बोट गार आहे का, मेंदी-नेलपॉलिश आहे का बघा, आकडा स्थिर होऊ द्या. मग नळीचं नाकातलं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे आले नाहीत तर हवा मध्येच कुठेतरी गळतेय किंवा अडतेय, बहुतेक वेळा पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं नाहीतर नळी खाटेच्या पायाखाली दबलेली असते. काचेच्या नळीतला गोळा डोळ्यासमोर आणून बघा, गोळ्याचा मध्य रेघेवर हवा. उभ्याने वरून बघितलं की चुकीचं दिसतं. सगळं नीट असून आकडा खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन, आणि सोबत धाप वाढली किंवा ओठ निळे दिसले तर फोनचीही वाट न बघता हॉस्पिटल.

सुमेधा_के
माझ्या मिस्टरांच्या मशीनला ८ लावलंय, मग ते जास्त आहे का?? घोरण्यासाठी दिलंय.

वॉर्डातली_ताई
सुमेधा, ते झोपेचं मशीन, तो ८ हवेच्या दाबाचा आकडा आहे. लिटरशी संबंध नाही, काही बदलू नका.

नळीवाले_आजोबा
मी स्वतः नळीवर आहे. किरणराव, ऑक्सिजन पेटत नाही हे खरं, पण तो दुसऱ्याला असा पेटवतो की विझवायला वेळ मिळत नाही. आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या एकाने नळी गळ्यात सरकवून बिडी शिलगावली, मशीन चालूच, मिशी आणि नाक भाजलं, नळी वितळून गालाला चिकटली. नळी काढून गादीवर ठेवली तरी तेच, कापडात ऑक्सिजन मुरत राहतो. म्हणून मी मशीन बंद करून शर्ट मोकळा करतो, अर्धा तास बाल्कनीत बसतो, मगच स्वयंपाकघरात. आणि नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन, बाम चोपडू नका, तेलकट काहीच नको. पाण्याचं जेल मिळतं. चव नाही त्याला, पण खायचं थोडंच आहे!

मृदुला
सासूबाईंच्या वेळी आम्ही देवघरच हलवलं, दुसऱ्या खोलीत. त्यांच्या खोलीत सेलवरची समई. कापूर, उदबत्ती, डासांची कॉइल सगळं बाहेर. पहिले चार दिवस रुसल्या होत्या. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा आणि एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, आमचा बोर्ड गरम होऊन वास यायला लागलेला.

रानजाई
ताई, ग्लासात एकही बुडबुडा नव्हता! झाकणाचे आटे चुकीचे बसलेले. नीट बसवलं, अर्ध्या तासाने १ लिटरवरच ८९. देवघराबद्दल आईशी बोलणं बाकी आहे, तिला सेलची समई म्हणजे खेळणं वाटतं. पण मग ती बाटली हवीच कशाला? भाऊ म्हणतो काढून टाक.

वॉर्डातली_ताई
१-२ लिटरला बऱ्याच जणांना लागत नाही. पण नाकातून रक्त येत असेल तर ठेवा, आणि काढायची झाल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

नळीवाले_आजोबा
मला तर बाटलीशिवाय नाक सोलल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात भ्रम आहे. असेल.