रामरक्षेसाठी अ‍ॅप द्यावं की पुस्तकच बरं?

मृणाल: सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. सकाळी पूजा झाली की रामरक्षा म्हणतात, पण पुस्तकातली अक्षरं आता दिसत नाहीत. मोठा मजकूर आणि आवाज दोन्ही असलेलं अ‍ॅप द्यावं का?

वसंतराव: देवासमोर फोन नकोच. स्तोत्र चालू असताना कॉल येतो, जाहिरात येते, लक्ष उडतं. इतक्या वर्षांचा पाठ आहे, त्यांना सगळं येतच असणार. नुसता आवाज लावून द्या.

केदार: अ‍ॅप द्या. फोनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट मोठा केला की अ‍ॅपमधलं सगळं मोठं होतं, काम झालं.

शुभदा: केदार, सगळं होत नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये मजकूर म्हणजे पानाचं चित्र असतं. ते चिमटीने मोठं करावं लागतं, मग ओळ कडेला जाते आणि म्हातारं माणूस पान सरकवत बसतं. आधी फॉन्ट मोठा करून ते तपासा.

मृणाल, मग 'शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः' ही ओळ उघडा. हिचे आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आहेत. त्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत 'भालं दशरथात्मजः' एका ओळीत मावलं पाहिजे. 'दशरथा' वर आणि 'त्मजः' खाली गेलं की डोळा अडतो, श्वास चुकतो. त्याच ओळीत विसर्गही बघा. विसर्गाऐवजी कोलन टाइप केलेला असेल, तर मोठ्या अक्षरांत ती टिंबं सुटी दिसतात. अशा अ‍ॅपमध्ये इतर चुकाही तपासून घ्या.

'ध्यायेदाजानुबाहुं'चा चरण २१ अक्षरांचा, तो फोनवर एका ओळीत मावणारच नाही. तिथे सात-सात अक्षरांवर ओळ तोडलेली हवी, म्हणतानाही तिथेच थांबतात.

अनघा: आमच्या बाबांची अडचण वेगळीच. त्यांना अक्षरं दिसतात, पण अ‍ॅपमधली बाई इतकी भरभर म्हणते की ते दोन श्लोक मागे राहतात आणि चिडून बंद करतात.

शुभदा: वेग कमी केला तर आवाज ओढल्यासारखा लागतो. गायलेली रामरक्षा नको, संथ पठण शोधा. चरणाशी थांबणारं.

वसंतराव: एवढी तपासणी करण्यापेक्षा ए-४ कागदावर २४ पॉइंटात छापून घ्या. स्क्रीन मध्येच काळी पडण्याची भानगड नाही.

शुभदा: छापणं मला पटतं. पण पाठ आहे म्हणून मजकूर नको, हे नाही पटत. वयाबरोबर मधलाच श्लोक निसटतो, तेव्हा समोर अक्षर लागतं.

मृणाल: छापते आणि आवाज वेगळा लावते. फक्त त्यांना अथर्वशीर्षही हवंय. तिथे बराचसा भाग गद्य आहे, मग ओळी कुठे तोडायच्या?

वसंतराव: त्या जिथे श्वास घेतात तिथे. शेजारी बसा आणि पेन्सिलीने खुणा करा.