मदत हवी आहे: सोसायटीच्या सभेत फोटोंच्या बॅकअपवर पाच मिनिटं बोलायचंय

निशिगंध
आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत शेवटची पाच मिनिटं मला मिळाली आहेत. घरातल्या फोटोंचा बॅकअप प्रत्येकाने का ठेवावा, हे सांगायचं आहे. ऐकणारे निम्मे साठीच्या पुढचे, बाकीचे लहान मुलांचे आईवडील. फोन चोरीला जातो, पाण्यात पडतो, एक दिवस सुरूच होत नाही, असं मी लिहून काढलं आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, आमचे फोटो आपोआप गूगलवर जातात. फोन गेला तरी फोटो आहेतच की." सभेत बहुतेक जण हेच म्हणणार. यावर काय बोलू? लोकांनी घरी जाऊन खरंच काहीतरी करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

जलतरंग
खूप चांगला विषय. आमच्याकडे आजोबांच्या काळातले चार अल्बम आहेत, फोटो पिवळे पडलेत, काही पानांना चिकटलेत. ते स्कॅन करताना रिझोल्यूशन किती ठेवायचं, हेही भाषणात सांगाल का?

निशिगंध
जलतरंग, माझा रोख सध्या फोनमधल्या फोटोंवर आहे. स्कॅनिंगचा वेगळा धागा काढाल का? मलाही ते हवंच आहे.

कपाटातली_डिस्क
तुमच्या काकूंचं वाक्य हाच भाषणाचा विषय करा. फोन चोरीला जाण्याची भीती लोकांना आधीच पटलेली असते, त्यावर वेळ घालवू नका. माझं काम साठवणुकीचंच आहे. लोकांचे फोटो जाताना मी पाहतो ते बहुतेक वेळा फोन हरवल्यामुळे नव्हे, तर फोन भरल्यामुळे.

उदाहरण असं घ्या. एका घरात आठ हजार फोटो आहेत. सरासरी ३ एमबी धरले तर २४ जीबी झाले, व्हिडिओ वेगळेच. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. १ जून २०२१ च्या आधी ठरावीक दर्जाचे फोटो या जागेत मोजले जात नसत, त्यामुळे "गूगलवर हवे तेवढे ठेवा" हे अजून लोकांच्या डोक्यात आहे. जागा भरली की नवे फोटो वर चढणं थांबतं. फोनवर सूचना येते, पण सूचना रोज डझनभर येतात, ही कोण वाचतो? मग दिवाळीपर्यंतचे फोटो वर आणि त्यानंतरचे फक्त फोनमध्ये, अशी अवस्था महिनोन्‌महिने राहते.

पुढे फोनही भरतो. घरातलं कुणीतरी "गूगलवर आहेतच" म्हणून गूगल फोटोज उघडतं, जुने फोटो निवडतं आणि उडवतं. इथे घात होतो. त्या अ‍ॅपमधून उडवलेला फोटो फोनमधूनही जातो आणि वरूनही. ६० दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तोच प्रकार, फक्त मुदत साधारण ३० दिवसांची. फोन रिकामा करायचा तर अ‍ॅपमध्ये `Free up space` हा वेगळा पर्याय आहे. तो वर पोचलेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढतो, वरची तशीच ठेवतो.

म्हणून सभेत एवढं ठसवा: एका जागी उडवलं की दुसरीकडूनही उडतं, ती दुसरी प्रत म्हणता येत नाही. तो एकच फोटो दोन खिडक्यांतून दिसतोय.

निशिगंध
दोन खिडक्या घेतेच! पण माझे फोटो वर चढताहेत की थांबलेत, हे तिथल्या तिथे कसं दाखवू?

कपाटातली_डिस्क
दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर आपल्या खात्याने photos.google.com उघडायचं आणि सगळ्यात वरच्या फोटोची तारीख बघायची. काल काढलेला फोटो तिथे दिसला तर ठीक. तीन महिन्यांपूर्वीचा दिसला तर तेव्हापासूनचं सगळं फक्त फोनमध्ये आहे. सभेत कुणाच्या खात्यात शिरू नका, स्वतःचंच दाखवा. आणखी एक: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बऱ्याच फोनवर आपोआप वर जात नाहीत, ते फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. नातवंडांचे निम्मे फोटो तिथेच असतात.

सरळमार्गी
एवढं कशाला? एक पेनड्राइव्ह घ्यायचा, वर्षातून एकदा सगळं भरायचं आणि कपाटात ठेवायचा. पैसे एकदाच, पासवर्डची कटकट नाही. आम्ही हेच करतो.

कपाटातली_डिस्क
सरळमार्गी, तुमचा अर्धा मार्ग अगदी बरोबर आहे. फोनला आणि खात्याला न जोडलेली प्रत हवीच, फोनवर काहीही उडवलं तरी तिला धक्का लागत नाही. पण पेनड्राइव्ह ने-आण करायला चांगला. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपतो. बाहेरची हार्ड डिस्क घ्या. तीही मरते, पण वर्षातून एक-दोनदा जोडून बघितलीत तर दगा देण्याआधी बहुधा कळतं: कॉपी अचानक संथ होते, टकटक आवाज येतो, फाइल उघडत नाही. काम झालं की ती काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर व्हायरसही पोचतो.

आणि भरून झाली की तपासा. फोल्डरमधल्या फाइलींची संख्या दोन्हीकडे जुळते का बघा, एक जुना आणि एक नवा फोटो उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ बाहेरून नेहमीसारखाच दिसतो, बिघाड शेवटाकडे कळतो.

शरयू
माझ्या वहिनीने बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो एका सामायिक अल्बममध्ये टाकले होते. आम्ही सगळे तिथेच बघायचो, कुणी आपल्याकडे उतरवून घेतले नाहीत. तिने खातं बदललं, जुनं बंद केलं आणि अल्बमच गेला. सहा घरांत एकाकडेही मूळ फोटो नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले मिळाले, पण ते इतके आक्रसलेले की मोठे करून छापता आले नाहीत. निशिगंध, हेही सांगा. आपल्याला दिसतं म्हणजे आपल्याकडे आहे, असं वाटत राहतं.

कपाटातली_डिस्क
शरयूताई, हे मीही नेहमी विसरतो. दुसऱ्याने शेअर केलेला फोटो आपल्या खात्यात सेव्ह केला तरच तो आपला.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. आता भाषणाची सुरुवात अशी केली आहे:

"तुम्ही फोनवरून एक फोटो उडवलात, तर तो आणखी कुठे शिल्लक राहील? ती जागा आत्ता सांगता येत नसेल, तर तुमच्या फोटोची एकच प्रत आहे."

मग २४ जीबीचं उदाहरण, शरयूताईंचा अल्बम आणि शेवटी माझ्या खात्यातली तारीख. डिस्क घरातच ठेवली आणि आग लागली तर, असं कुणी विचारलं तर? घराबाहेर ठेवा म्हणावं, पण कुठे?

कपाटातली_डिस्क
दुसरी डिस्क दुसऱ्या गावच्या भावंडाकडे, त्यांची तुमच्याकडे. भेट झाली की बदलायची. डिस्कला पासवर्ड लावा.

जलतरंग
पासवर्ड लावला आणि लावणारा माणूसच गेला तर? आमच्या वडिलांच्या खात्याचं तेच झालं. फोटो आत आहेत, पण आम्हाला शिरता येत नाही.

कपाटातली_डिस्क
गूगलमध्ये `Inactive Account Manager` आहे, त्यात हयातीतच माणसं नेमून ठेवता येतात. डिस्कसाठी मी पासवर्ड कागदावर लिहून बहिणीकडे दिलाय. काहींना ते धोक्याचं वाटतं. यावर तुम्ही घरात काय करता?

सरळमार्गी
आमची डिस्क बिनपासवर्डचीच राहणार. चोर आमचे फोटो घेऊन काय करणार?

शरयू
फोटोंसोबत आधार कार्डाचे, पासबुकाचेही फोटो असतात हो त्यात.