मदत हवी आहे: पाहुण्यांना ईमेल करून आठवडा झाला, उत्तर नाही. दुसरं पत्र कसं लिहू?

मलप्रभाकाठ (९ डिसेंबर)

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दर जानेवारीत एका दिवसाचं मराठी साहित्य संमेलन भरतं. कडोली, उचगाव, येळ्ळूरला भरतात तसंच, फक्त आमचं लहान. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि अध्यक्षांचं भाषण, जेवण, दुपारी कथाकथन, शेवटी कविसंमेलन. यंदा १२ जानेवारीला, रविवारी आहे. कमिटीत ईमेल बघणारा मी एकटाच, म्हणून पत्रव्यवहार माझ्या गळ्यात.

अध्यक्ष म्हणून कोल्हापूरचे एक निवृत्त प्राध्यापक ठरले. त्यांना १ तारखेला पत्र पाठवलं. आज ९. काहीच नाही. पत्रिका २० तारखेला छापखान्यात द्यायची आहे. माणूस वयाने आणि मानाने मोठा, त्यामुळे आठवण करायची तर कशी, हे कळेना. काल रात्री हे लिहिलं:

> आदरणीय सर, दि. १ डिसेंबर रोजी आपणास ईमेल पाठवूनही अद्याप आपले उत्तर मिळालेले नाही. व्यस्ततेमुळे ते आपल्या नजरेतून सुटले असावे. पत्रिका छपाईस द्यायची असल्याने निदान हो किंवा नाही तरी त्वरित कळवावे, ही नम्र विनंती.

बायको शाळेत मराठी शिकवते. वाचून म्हणाली, "हे आमंत्रण आहे की वीज तोडायची नोटीस?" पण नेमकं कुठे बिघडलंय ते तिलाही सांगता येईना. सगळे शब्द तर सभ्य आहेत.

वडगावचा बंड्या

फोन कर की बा. एवढं काय घाबरूलालास? ईमेल कोण बघतं म्हातारपणी? एक फोन, दोन मिनिटं, विषय संपला.

मलप्रभाकाठ

नंबर नाही रे. त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून मिळेल, पण त्यांनी स्वतः दिलेला नसताना एकदम फोन करायचा म्हणजे बरं वाटत नाही. आणि फोनवर माणूस कोंडीत सापडतो. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून हो म्हणतात आणि आदल्या दिवशी तब्येत बिघडते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अस्संच झालंय.

निपाणीकर

माझा अनुभव सांगतो. मंडपाचं बिल एका मंडळाकडे चार महिने अडकलं होतं. गोड बोलून काही होत नाही. बिल नंबर, तारीख, रक्कम आणि "सात दिवसांच्या आत" असं स्पष्ट लिहा. पहिलं स्मरणपत्र साधं, दुसऱ्याची प्रत अध्यक्षांना. तिसऱ्याची वेळ येत नाही. तुम्हीही तेच करा.

जुना चिटणीस

निपाणीकर, तुमचं बरोबर आहे, पण ते येणं होतं. त्या मंडळाकडे तुमचे पैसे होते. या सरांकडे मलप्रभाकाठांचं काय आहे? त्यांनी काही कबूल केलेलं नाही, उत्तर देणं लागतही नाहीत. आणि प्रत अध्यक्षांना म्हणाल, तर इथे अध्यक्ष तेच.

मलप्रभाकाठ, मी बेळगावात एका वाचनालयाचा पत्रव्यवहार तेवीस वर्षं सांभाळला. तुमच्या मसुद्यात मोठे शब्द सभ्यच आहेत. बोचतात ते बारके. "पाठवूनही" मधला ही काढून बघा. "ईमेल पाठवला" ही माहिती झाली, "पाठवूनही" ही तक्रार झाली. "अद्याप" म्हणजे एव्हाना यायला हवं होतं. "निदान... तरी" म्हणजे एवढंसुद्धा तुमच्याकडून होत नाही का. आपण भांडताना हेच शब्द वापरतो: "निदान सांगून तरी जायचं!" वर "नम्र विनंती" लिहून ते झाकलं जात नाही.

"व्यस्ततेमुळे नजरेतून सुटले असावे" हे तुम्हाला समजूतदारपणाचं वाटत असेल. पण त्यात तुम्ही त्यांच्या वतीने त्यांचा निष्काळजीपणा कबूल केलात आणि वर माफही करून टाकलंत. ते का गप्प आहेत, हे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नाही त्यावर लिहूच नये. आपल्या बाजूला काय घडलं, तेवढंच लिहावं.

म्हणून आधी एक सांगा. १ तारखेला नेमकं काय पाठवलंत?

मलप्रभाकाठ

ईमेलमध्ये एवढंच होतं: "आदरणीय सर, सोबत संमेलनाचे निमंत्रणपत्र जोडले आहे. कृपया स्वीकार व्हावा." पत्र वर्ड फाईलमध्ये. छापखान्यातल्या पोरानेच श्रीलिपीत टाईप करून दिलं होतं, छान लेटरहेडवर.

जुना चिटणीस

पीडीएफ नाही, वर्डच? मग ती फाईल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर पाठवा आणि उघडून बघा. मगच पुढचं बोलू.

मलप्रभाकाठ

देवा. भाच्याच्या मोबाईलवर "आदरणीय" च्या जागी `AmXaUr¶` आलं. अख्खं पान तसंच. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे म्हणून तिथे मराठी दिसत होतं. माझ्या लॅपटॉपवरही त्याच पोराने फाँट टाकून दिलाय, म्हणून मला कधी कळलंच नाही. म्हणजे आठ दिवस सरांकडे नुसती भुताची भाषा पडून आहे, आणि मी त्यांनाच "नजरेतून सुटले असावे" लिहायला निघालो होतो.

वडगावचा बंड्या

बघ, मिळालं कारण. आता ते लिही आणि मोकळा हो. नाहीतरी असं काही ना काही लिहायचंच असतं, "ईमेल पोचला की नाही कळेना" वगैरे. मी नेहमी तेच ठोकतो.

जुना चिटणीस

खरं असेल तर लिहावं, बंड्याभाऊ. नसताना लिहिलं तर चार पत्रं वाचलेल्या माणसाला लगेच वास येतो. यांचं खरं आहे, म्हणून ते पहिल्याच वाक्यात यायला हवं. चूक आपली निघाली की पुन्हा लिहायला कारण मिळतं आणि समोरच्यावर कसलंच ओझं राहत नाही.

ताराराणी चौक

मी कोल्हापूरची, कथाकथनाला बोलावणी येतात, म्हणून पलीकडची बाजू सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्या भागातून पत्रं येतात, आणि माणसं फार प्रेमाने बोलावतात. पण पुष्कळ पत्रांत "आपली उपस्थिती प्रार्थनीय" याच्यापुढे काही नसतं. किती वाजता? किती वेळ बोलायचं? न्यायला कोण येणार? बेळगाव कोल्हापूरहून ११० किलोमीटर, तिथून तुमचं गाव आणखी पुढे, मग रात्री परत यायचं कसं? मानधन आहे की शाल-श्रीफळ? हे कळल्याशिवाय हो म्हणता येत नाही, आणि मानधनाचं आपण होऊन विचारायला लाज वाटते. मग पत्र "उद्या बघू" म्हणून बाजूला राहतं. नाही म्हणायचं नसतं, फक्त विचारणं अवघड जातं.

त्यामुळे फाईल नीट उघडली असती तरी उत्तर आलं असतंच असं नाही. तुमच्या त्या लेटरहेडवर यातलं काय होतं?

मलप्रभाकाठ

तारीख आणि गाव. बाकी सीमाभागातल्या मराठीबद्दल दोन परिच्छेद.

जुना चिटणीस

बाईंनी नेमकं सांगितलं. आम्ही पूर्वी पाहुण्यांना जोडकार्ड पाठवायचो. एका कार्डावर आमचा मजकूर, दुसऱ्यावर आमचाच पत्ता घालून ठेवलेला. पाहुण्याने दोन ओळी खरडायच्या आणि पेटीत टाकायचं. आता जोडकार्डं कुणी पाठवत नाही, पण तीच सोय मजकुरात करता येते. विचारायचं ते एकच विचारा. आणि जुन्याच ईमेलला रिप्लाय करून लिहा, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. विषयाच्या ओळीत "स्मरणपत्र" नको, तो शब्द कचेरीतला. गावाचं नाव, संमेलन आणि तारीख, बस.

मलप्रभाकाठ

हे बघा. आता थेट ईमेलमध्येच, युनिकोडमध्ये टाईप केलंय:

> आदरणीय सर, सादर नमस्कार.
>
> १ तारखेला मी पाठवलेली फाईल आमच्या छापखान्याच्या फाँटमध्ये होती, आणि इतर ठिकाणी ती वाचता येत नाही, हे मला काल कळलं. त्याबद्दल दिलगीर आहे. मजकूर आता इथेच लिहितो.
>
> रविवार, १२ जानेवारीला आमच्या गावी एका दिवसाचं मराठी साहित्य संमेलन आहे. त्याचं अध्यक्षपद आपण स्वीकारावं, अशी आमची इच्छा आहे. उद्घाटन सकाळी साडेदहाला, अध्यक्षीय भाषण साधारण ४० मिनिटं, विषय आपल्या आवडीचा. सकाळी कोल्हापूरला घरी गाडी येईल आणि संध्याकाळी परत सोडेल. आदल्या रात्री बेळगावात मुक्काम बरा वाटला, तर तीही सोय आहे. प्रवासखर्च आमच्याकडे, मानधन पाच हजार रुपये.
>
> पत्रिका २० तारखेला छपाईला जाते. आपला विचार १६ तारखेपर्यंत कळला, तर नाव वेळेत घालता येईल. यंदा जमणार नसेल, तर तसं एका ओळीत कळवलं तरी चालेल. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.

शेवटचा "तरी" ठेवू की काढू? आता प्रत्येक "तरी"ची भीती वाटायला लागलीय.

जुना चिटणीस

ठेवा. "हो किंवा नाही तरी कळवा" मधला तरी मागतो, "कळवलं तरी चालेल" मधला सोडून देतो. एकच गोष्ट, मानधनाचा आकडा पत्रात घालू नये असं माझं मत. "यथाशक्ती मानधन" पुरे.

ताराराणी चौक

यथाशक्ती म्हणजे किती, हेच तर विचारता येत नाही हो! आकडा राहू द्या.

निपाणीकर

आकडा पाहिजेच. ह्यात मी बाईंच्या बाजूने.

जुना चिटणीस

आमच्या वेळी सरस्वतीच्या दारात आकडा बोलत नसत. पण आता काळ तुमचा. १६ पर्यंत उत्तर आलं नाही, तर मात्र तिसरं पत्र नको. विद्यार्थ्याकडून निरोप जाऊ द्या, तोही "सरांना पत्र वाचता आलं का" एवढाच. आणि दुसऱ्या नावाचा विचार कमिटीत आत्ताच करून ठेवा, म्हणजे १७ तारखेला तुमचा आवाज चढणार नाही.

मलप्रभाकाठ (१२ डिसेंबर)

१० ला सकाळी पाठवलं, आकड्यासकट. काल उत्तर आलं. सर लिहितात, फाईल उघडत नव्हती, नातवालाही दाखवली होती. पण पाठवणाऱ्याला कसं सांगावं म्हणून राहिलं. म्हणजे तेही आठ दिवस माझ्यासारखेच अडले होते.

यायला तयार आहेत, पण १२ तारखेला सकाळी सांगलीत भाचीचं लग्न आहे. दीडच्या आत पोचणार नाहीत. उद्घाटनाला अध्यक्ष नसले तर कसं दिसेल, यावर काल रात्री देवळात कमिटीची तासभर जुंपली. एक गट म्हणतो, भाषण दुपारी ठेवू. दुसरा म्हणतो, मोकळ्या खुर्चीपुढे दीप लावायचा का? जेवणानंतर अध्यक्षीय भाषण कुणी ऐकलंय का कधी? कुठल्या गावात असं केलं असेल, तर सांगा. त्यांना परवापर्यंत कळवायचं आहे, आणि या वेळी उशीर आमच्याकडून व्हायला नको.