मदत हवी आहे : निमुळत्या बादलीची क्षमता मोजून काढताना हिशेब आणि पाणी जुळत नाहीत

संत्रा_बाग
नमस्कार. आमच्याकडे संत्र्याची थोडी झाडे आहेत. त्यांच्यासाठी मी एक टक्का बोर्डो मिश्रण थोड्या थोड्या प्रमाणात, म्हणजे एका वेळी १० लिटर, तयार करतो. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना लागतो. मोरचूद लोखंडी भांड्यात चालत नसल्यामुळे मी प्लॅस्टिकची बादली घेतली. ती वर रुंद आणि खाली अरुंद आहे, व तिच्यावर लिटरच्या खुणा नाहीत. दुकानदाराने ती १५ लिटरची असल्याचे सांगितले होते.

टेपने मोजल्यावर वरचा व्यास ३२ सेंमी, तळाचा व्यास २१ सेंमी आणि उंची २८.५ सेंमी आली. दहावीच्या पुस्तकातील शंकुछेदाच्या सूत्राने मी हिशेब केला, तेव्हा उत्तर १५.९ लिटर आले. मात्र एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतून पाहिले, तर तेरा बाटल्या पूर्ण मावल्या आणि चौदावीतील अर्ध्याहून अधिक पाणी शिल्लक राहिले. अडीच लिटरचा हा फरक सूत्रामुळे पडतो की माझ्या मोजण्यामुळे? शिवाय ५ आणि १० लिटरच्या खुणा बादलीवर कोठे कराव्यात, हेही मला ठरवायचे आहे.

सरळ_हिशेब
एवढ्या मोठ्या सूत्राची गरज नाही. वरच्या आणि तळाच्या व्यासांची सरासरी काढावी आणि त्या व्यासाचा सरळ नळकांड्यासारखा डबा आहे असे मानून घनफळ काढावे. मी पाण्याच्या टाक्यांसाठी नेहमी असेच करतो आणि उत्तर बरोबर येते.

घंगाळवाला
माझ्याकडे आजोबांच्या वेळचे तांब्याचे घंगाळ आहे. त्याचे तोंड रुंद असून तळ वाटीसारखा गोल आहे. त्याची क्षमता याच सूत्राने काढता येईल का? तळाचा व्यास कोठे मोजावा तेच समजत नाही.

निवृत्त_गणितशिक्षक
संत्रा_बाग, सूत्र बरोबर आहे. मापे बाहेरची आहेत. बादलीच्या तोंडाची कड बाहेर वळवलेली असते, म्हणून कडेच्या बाहेरून मोजलेला व्यास पाणी जेथे असते त्या आतल्या व्यासापेक्षा सहज दोन सेंटिमीटरने जास्त भरतो. दुसरे असे की, बाजूला टेकवून धरलेली टेप तिरकी उंची दाखवते, तर सूत्रात सरळ उभी उंची लागते. शिवाय बादलीचा तळ जमिनीला टेकत नाही. खाली गोल कड असते आणि आतला तळ तिच्यापेक्षा वर असतो. त्या रिकाम्या जागेत पाणी नसते, तरी तुमच्या उंचीत ती धरली गेली आहे.

कृपया पुन्हा आतून मोजा. तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि तिच्या खालच्या कडेपासून तळाच्या मध्यापर्यंत मोजपट्टी उभी सोडा. तळाच्या व्यासासाठी टेप आत नीट बसत नाही, म्हणून पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापत कापत तळाच्या मध्यातून बरोबर आडवी बसेल अशी करा, आणि ती बाहेर काढून मोजा.

संत्रा_बाग
आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. वरचा व्यास ३० सेंमी, तळाचा २० सेंमी आणि उंची २७ सेंमी आली. प्रत्येक माप इतके कमी होईल असे वाटले नव्हते.

निवृत्त_गणितशिक्षक
आता हिशेब पाहू. व्यासांतूनच करायचा असल्यास सूत्र असे लिहिता येते:

घनफळ = π × उंची ÷ १२ × (वरचा व्यास² + वरचा व्यास × तळाचा व्यास + तळाचा व्यास²)

कंसात ९०० + ६०० + ४०० म्हणजे १९०० येतात. २७ भागिले १२ म्हणजे २.२५. गुणाकार ४२७५, आणि त्याला π ने गुणल्यावर सुमारे १३,४३० घन सेंमी, म्हणजे १३.४३ लिटर. तुमच्या बाटल्यांनी हेच सांगितले होते. आधीच्या अडीच लिटरांपैकी सुमारे पावणेदोन लिटर व्यासांमुळे आणि पाऊण लिटर उंचीमुळे वाढले होते. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे त्यातील एक-दोन सेंटिमीटर इतके महाग पडतात.

सरळ_हिशेब यांची रीत जवळचे उत्तर देते, पण नेहमी थोडे कमी देते. येथे सरासरी व्यास २५ सेंमी धरल्यास १३.२५ लिटर येतात. काही जण व्यासांऐवजी दोन्ही तोंडांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतात, तिने १३.७८ लिटर येतात, म्हणजे चूक उलट दिशेने आणि बरोबर दुप्पट. टाकीचे दोन्ही व्यास जवळजवळ सारखे असतील तर फरक जाणवत नाही. व्यासांतील अंतर वाढले की चूक त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, खड्ड्यांच्या हिशेबात, याचीच सुंदर रीत दिली आहे, आणि ती मला आजही सूत्रापेक्षा लवकर आठवते. तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्ही मापांची बेरीज करून तिच्यावरून काढलेले क्षेत्रफळ, या तिन्हींची बेरीज सहाने भागायची आणि खोलीने गुणायची. आपल्या बादलीत ९००, ४०० आणि ५० चा वर्ग २५०० यांची बेरीज ३८०० होते. तिचा सहावा भाग घेऊन π च्या चौथ्या हिश्शाने व २७ ने गुणले की तेच १३.४३ लिटर येतात.

सरळ_हिशेब
दुप्पट चुकीची गोष्ट मी पडताळून पाहिली, ती खरी आहे. तरीही औषध मिसळण्यासाठी पावणेदोनशे मिलिलिटरचा फरक मला मोठा वाटत नाही.

निवृत्त_गणितशिक्षक
पूर्ण बादलीसाठी आपले म्हणणे मान्य आहे. खुणांच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी लागेल, कारण उंचीच्या प्रमाणात खुणा केल्या तर चूक खूप मोठी होते. २७ सेंमीला १३.४३ लिटर, म्हणून १० लिटरची खूण सुमारे २०.१ सेंमीवर, असा त्रैराशिकाचा मोह होतो. पण तेथपर्यंत जेमतेम ९ लिटर पाणी मावते, आणि १०.०५ सेंमीवर ५ लिटरची खूण केली तर प्रत्यक्षात ३.८ लिटरच भरतात. अर्ध्या उंचीपर्यंत भरलेल्या या बादलीत फक्त ५.४ लिटर असतात.

पाण्याच्या पातळीवरचा व्यास दर सेंटिमीटरला १०/२७ सेंमीने वाढतो. तो वरचा व्यास धरून आणि पाण्याची उंची घेऊन तेच सूत्र वापरले, की ५ लिटरची खूण आतल्या तळापासून १२.७ सेंमीवर आणि १० लिटरची २१.८ सेंमीवर येते. ही उंची सरळ उभी मोजा, बाजूच्या उतारावरून नाही.

संत्रा_बाग
दोन्ही खुणा करून बादली सपाट ओट्यावर ठेवली आणि पुन्हा बाटलीने पाणी भरले. पाच बाटल्यांना पाणी खुणेला लागले. दहा बाटल्यांना ते खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर राहिले. हे कशामुळे झाले असावे?

निवृत्त_गणितशिक्षक
त्या उंचीवर एका मिलिमीटरला सुमारे ६० मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे आपला फरक १२० ते १८० मिलिलिटरचा आहे. बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरली असेल तर प्रत्येक वेळी एक लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी गेले असेल. पण मग तो फरक पाच बाटल्यांनाही थोडा दिसायला हवा होता. बादलीची बाजू पूर्ण सरळ नसून मध्ये किंचित बाक असेल, तरीही असे होऊ शकते. वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली बादली तोलून पाहा. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो असते, त्यामुळे बाटलीचा दोष असल्यास तो लगेच उघड होईल.

घंगाळवाला, आपल्या भांड्याला हे सूत्र लागू होणार नाही, कारण बाजू सरळ उतरती असेल तरच ते चालते. त्यात मोजून पाणी ओतणे हाच खात्रीचा उपाय आहे.

घंगाळवाला
घंगाळाच्या काठाजवळ एक पोचा आहे, त्यामुळे पाणी एका बाजूने आधी सांडते. मग क्षमता सांडेपर्यंतची धरावी की काठापर्यंतची?

संत्रा_बाग
काटा शेजाऱ्यांकडे आहे, तो उद्या आणून तोलतो आणि आकडे येथे लिहितो. दुकानदाराने १५ लिटर कोणत्या मापाने सांगितले होते, हे त्यांनाही सांगता आले नाही.